अ‍ॅडव्हान्स्ड कलिनरी सर्टिफिकेटसाठी परशरामचं शिफारसपत्र

कोर्स को-ऑर्डिनेटर मॅडम, नमस्कार,

आमच्या परशरामनं तुमच्या अ‍ॅडव्हान्स्ड सर्टिफिकेटला अर्ज केलाय आणि सोबत हेड शेफचं पत्र लागतंय म्हणाला, म्हणून लिहितोय. मी बेळगावात कॉलेज रोडवरच्या हॉटेलात हेड शेफ आहे आणि परशराम 2018 पासून माझ्याकडं आहे. खानापूर तालुक्यातला पोरगा, आला तेव्हा भांड्यांवर होता, मग कॉमी झाला, आता इंडियन सेक्शनचा सीडीपी आहे. बँक्वेट असो नाहीतर अ ला कार्ट, त्यानं चव बघितल्याशिवाय एकपण ग्रेव्ही पासवर येत नाही.

मेहनती, प्रामाणिक, वेळेवर येणारा असं सगळ्याच पत्रात असतंय, ते खरंही आहे, पण त्यातनं तुम्हाला काय कळणार? त्यापेक्षा त्याचं डोकं कसं चालतंय ते सांगतो.

लग्नाच्या सीझनला आमच्याकडं मटणाच्या जेवणात पांढरा रस्सा लागतोच आणि बुफेत तो फाटतोय, हे इथल्या सगळ्या बँक्वेटवाल्यांचं जुनं दुखणं आहे. नारळाचं दूध घालून जोरात उकळलं की चोथा एकीकडं पाणी एकीकडं, आणि फाटू नये म्हणून कोमट ठेवावं तर 60 डिग्रीच्या खाली मटणाचा स्टॉक दोन-तीन तास ठेवणं म्हणजे पाहुण्यांच्या पोटाशी खेळ. बरेच जण कॉर्नफ्लोअर मारून मोकळे होतात (मग तो रस्सा कसला, हॉटेलातलं सूप झालं ते). परशरामनं काय केलं, तर काजू-तीळ-खसखशीचं वाटण घातलेला स्टॉक मागं गॅसवर कडक गरम ठेवायचा, नारळाचं दूध फ्रीजमध्ये, आणि बाहेरची चेफिंग डिश निम्मी झाली की पुढच्या डिशपुरताच रस्सा जोडायचा, मंद आचेवर हलवत प्रोब थर्मामीटरवर 75 दिसलं की उतरवायचा, उकळी येऊच द्यायची नाही. हे त्याला मी सांगितलेलं नाही, कुणीच नाही. त्यानंतर आमच्याकडं बुफेतला रस्सा फाटल्याची तक्रार नाही, आणि उरलेला स्टॉक फेकावा लागत नाही म्हणून मालकपण खूश.

मसाल्याचं पण तसंच. संकेश्वरी मिरची प्रत्येक पोत्याला सारखी तिखट नसते, तर हा नवं पोतं फोडलं की आधी थोडी भाजून कुटून चव बघतो आणि मगच संकेश्वरी किती नि रंगाला ब्याडगी किती ते ठरवून ग्रॅममध्ये वहीत लिहून ठेवतो. त्यामुळं तो सुट्टीवर असला तरी तांबड्या रश्श्याची चव तीच येते, आमच्या धंद्यात हे दुर्मिळ आहे, बाकीचे वस्ताद आपली मापं बायकोलापण सांगत नाहीत.

आता कमी कुठं पडतो तेपण सांगतो, नाहीतर पत्राला अर्थ नाही. बेकरीत कच्चा आहे. कुंदा आटवायला बसवा, रंग बघून नेमका उतरवेल, पण स्पंज, पफ पेस्ट्री, ओव्हनचं काम त्यानं फारसं केलेलं नाही. दहावीपर्यंत मराठी मीडियम, इंग्रजी वाचतो पण लिहायला वेळ लागतो. तोंडी परीक्षा हिंदीत किंवा मराठीत घेता येत असेल तर बघा, विषय येत नाही म्हणून तो गप्प बसणार नाही, भाषेमुळं बसेल. किचनात मात्र कन्नड, मराठी, कोंकणी तिन्हीत पोरांना सांभाळतो आणि आरडाओरडा न करता.

त्याला तुमच्याकडं पाठवायचं खरं कारण वेगळंच आहे. एकदा हॉलंडेज करून दाखवताना त्यानं विचारलं, शेफ, हे पण जास्त तापलं की फाटतंय, मग पांढऱ्या रश्श्याचं आणि ह्याचं कारण एकच का? मी बलक शिजून गुठळ्या होतात, तूप सुटतं इथपर्यंत सांगितलं, पण त्याचे प्रश्न तिथं थांबत नाहीत ओ. सॉस, इमल्शन, फूड कॉस्टिंग, मेन्यू प्लॅनिंग हे शिस्तीत शिकला तर दोन-तीन वर्षांत सू शेफची जागा सांभाळेल, आणि ती जागा मी त्याच्यासाठीच डोक्यात धरलीय.

सुट्टीचं मालकांशी बोललोय. सोमवार-मंगळवार त्याला मोकळा ठेवतो, अर्धी फी हॉटेल भरणार. फक्त लग्नसराईत मुहूर्ताचा दिवस आला तर एखादी तारीख मागेपुढे करावी लागेल, ते तो आधी कळवेल. प्रॅक्टिकलचा सराव आमच्याच किचनात दुपारी करू देणार आहे, सामान आमचं.

काही विचारायचं असेल तर फोन करा, नंबर त्याच्या अर्जावर आहे. दुपारी तीन ते पाचमध्ये केला तर बरं, सर्व्हिस चालू असताना मी उचलत नाही.

आपला,
विठ्ठल
हेड शेफ, बेळगाव