हरकत नसलेली रक्कम आता देण्याबाबत: बिल क्र. बीएफ/२५-२६/०४१७

भोसरी एमआयडीसी, पुणे
१० नोव्हेंबर २०२५

प्रति,
श्री. जोशी, लेखा विभागप्रमुख, चाकण कारखाना
प्रत: श्री. पाटील, खरेदी विभाग. आवक तपासणी विभाग

विषय: १२ सप्टेंबर २०२५ च्या बिलातील ५,७९,४०३.६० रुपये सोमवार, १७ नोव्हेंबरपर्यंत जमा करणे आणि उरलेल्या ९०,८३६.४० रुपयांची संयुक्त तपासणी

संदर्भ: १) आवक तपासणीचा २४ सप्टेंबरचा ईमेल. २) लेखा विभागाचा १६ ऑक्टोबरचा ईमेल. ३) खरेदी विभागाचा २९ ऑगस्टचा दरवाढ मान्यतेचा ईमेल.

जोशी साहेब,

स. न. वि. वि.

वरील बिल एकूण ६,७०,२४० रुपयांचे आहे. माल १३ सप्टेंबरला आपल्या गेटवर उतरला. ऑर्डरप्रमाणे ४५ दिवसांची मुदत २८ ऑक्टोबरला संपली. आपल्या हरकती तीन बाबींवर आहेत आणि त्यांची किंमत जीएसटीसह ९०,८३६.४० रुपये होते. थांबले आहे ते मात्र अख्खे बिल. ऑर्डर, माल-आवक पावती आणि बिल यांचा मेळ एका ओळीत बसला नाही की सिस्टिम सगळ्या बिलाला कुलूप लावते, हे आम्ही जाणतो. त्यामुळे यात कुणाचा हेतू वाईट आहे असे आम्ही समजत नाही. विनंती एवढीच, की कुलूप तीन ओळींपुरते ठेवावे आणि बाकीची रक्कम सोडावी.

हिशेब असा (रक्कम रुपयांत, जीएसटीपूर्वी):

एम८ × २५ बोल्ट, ४०,००० नग, दर ४.२०: १,६८,०००. यातील ६,००० वर हरकत.
एम१० × ४० बोल्ट, १८,००० नग, दर ९.५०: १,७१,०००. यातील ६६,५०० वर हरकत.
एम८ नट, ५०,००० नग, दर १.४०: ७०,०००. यातील ४,४८० वर हरकत.
एम१२ × ६० फ्लँज बोल्ट, ६,००० नग, दर २२: १,३२,०००. हरकत नाही.
एम८ वॉशर, ६०,००० नग, दर ०.४५: २७,०००. हरकत नाही.

एकूण ५,६८,०००, त्यापैकी हरकतीचे ७६,९८० आणि बिनहरकत ४,९१,०२०. बिनहरकत रकमेवर ९ टक्के सीजीएसटी ४४,१९१.८० आणि तेवढाच एसजीएसटी धरला की ५,७९,४०३.६० होतात. हरकतीच्या भागावरचा जीएसटी १३,८५६.४० आम्ही त्या भागाबरोबरच बाजूला ठेवला आहे. तो आमच्या सप्टेंबरच्या रिटर्नमध्ये भरून झाला आहे, तरीही निकाल लागेपर्यंत तो आम्ही मागत नाही. आमच्याकडून आपली यंदाची खरेदी ५० लाखांच्या आत असल्याने १९४क्यूची कपात यात धरलेली नाही.

आता तिन्ही हरकतींबद्दल.

एम१० × ४० बोल्टचे प्लेटिंग. ही हरकत सर्वांत मोठी आहे आणि आम्ही ती हलक्यात घेत नाही. दुसऱ्या लॉटमधल्या ७,००० बोल्टांवर (५०० चे १४ खोके) जस्ताचा थर ३.८ ते ४.६ मायक्रॉन भरला, असे आपला अहवाल सांगतो. ड्रॉइंगवर किमान ५ आहे. आमच्या प्लेटिंग अहवालात त्याच लॉटचे आकडे ५.६ ते ७.१ आहेत, पण ते बोल्टच्या माथ्यावर मोजलेले आहेत. आपण कुठे मोजले हे अहवालात लिहिलेले नाही, आणि सगळा प्रश्न बहुधा तिथेच अडला आहे. बॅरल प्लेटिंगमध्ये टोकांवर आणि कडांवर थर जाड बसतो, दांड्याच्या मधल्या भागात पातळ. शिवाय चुंबकीय गेज सपाट पट्टीवर शून्य करून गोल दांड्यावर लावले तर आकडा चुकतो. शून्य त्याच आकाराच्या, प्लेटिंग न केलेल्या बोल्टवर करावे लागते. तसे चार बोल्ट आम्ही बरोबर आणू.

गुरुवार, १३ नोव्हेंबरला सकाळी ११ वाजता आमचा गुणवत्ता निरीक्षक आपल्याकडे येईल. आपण निवडाल त्या तीन खोक्यांतून प्रत्येकी १० बोल्ट काढून दोघांच्या गेजने माथ्यावर मोजू. आकडे जुळले नाहीत तर त्यांतले पाच बोल्ट दोघांच्या सहीने सीलबंद करून एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत क्ष-किरण पद्धतीने तपासू. ज्याचे म्हणणे खोटे ठरेल त्याने फी भरावी. थर खरोखरच कमी निघाला तर पूर्ण लॉट आम्ही आमच्या खर्चाने नेऊ, जुने जस्त उतरवून नव्याने प्लेटिंग करून परत देऊ. आहे त्यावरच आणखी एक थर चढवून भागणार नाही. एम१० च्या १.५ पिचच्या ६जी आट्यांना सुमारे ८ मायक्रॉनपर्यंतच जागा असते. त्यापुढे गो गेज अडकते आणि आपल्या लाइनवर नट अर्ध्यात थांबतो.

तोवर एक काळजी घ्यावी: या १४ खोक्यांना लाल टॅग लावून ते वेगळे ठेवावेत. त्यातला माल लाइनवर गेला असेल तर किती नग गेले ते गुरुवारपूर्वी कळवावे, कारण वापरून झालेले बोल्ट हरकतीत राहू शकत नाहीत. तेवढ्या नगांची रक्कम बिनहरकत भागात येईल.

एम८ नटांची तूट. इथे आपली पावतीच उत्तर देते. पावतीवर निव्वळ वजन २५७.४ किलो आहे आणि आमच्या पॅकिंग स्लिपवर २५७.५ किलो. म्हणजे वजन जुळते, फरक पडला तो नगाच्या वजनात. आपण प्रतिनग ५.५ ग्रॅम धरून ४६,८०० नट काढले. आम्ही २०० नट एकत्र तोलून (१,०३० ग्रॅम) ५.१५ ग्रॅम धरतो. दहा नट ५ ग्रॅम लघुतमाच्या मोठ्या काट्यावर ठेवले की ५१.५ ऐवजी ५० किंवा ५५ दाखवतो, आणि तीच चूक पुढे ५० हजारांनी गुणली जाते. गुरुवारी आपल्याच प्रयोगशाळेतल्या लहान काट्यावर २०० नट तोलावेत. ५.१५ भरले तर आपल्याच वजनाने ४९,९८१ नट होतात. उरलेल्या १९ नटांची क्रेडिट नोट आम्ही वाद न घालता देऊ.

एम८ × २५ चा दर. ऑर्डरवर ४.०५ आहे, बिलात ४.२०. खरेदी विभागाने २९ ऑगस्टच्या ईमेलने १ सप्टेंबरपासूनचा ४.२० दर मान्य केला होता. दुरुस्ती सिस्टिममध्ये चढलेली नाही. ईमेलची प्रत सोबत आहे. पाटील साहेबांनी ऑर्डरमध्ये सुधारणा टाकली की ही ओळ त्याच दिवशी मोकळी होईल. तपासणीची गरजच नाही.

रक्कम सोडण्याची पद्धत आपली आपण ठरवालच. फक्त तीन गोष्टी टाळाव्यात.

पहिली, जुने बिल रद्द करून दोन नवी बिले मागू नयेत. ई-इनव्हॉइस २४ तासांनंतर पोर्टलवर रद्द होत नाही आणि हे बिल सप्टेंबरच्या जीएसटीआर-१ मध्ये गेले आहे. बिल पूर्ण रकमेला बुक करून फक्त ९०,८३६.४० रुपयांवर पेमेंट ब्लॉक ठेवणे सोपे पडेल. दुसरी, तपासणीआधी डेबिट नोट काढून ती रक्कम वजा दाखवू नये. जीएसटी कमी होतो तो कलम ३४ खालच्या आमच्या क्रेडिट नोटने, आणि या आर्थिक वर्षाच्या बिलांसाठी तिला ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत वेळ आहे. म्हणजे घाई कुणालाच नाही. तिसरी, आयएमएसमध्ये हे बिल ‘रिजेक्ट’ करू नये. तसे केले तर आपलेच पूर्ण १,०२,२४० रुपयांचे क्रेडिट अडकेल.

रक्कम दिल्याने आपण वादातला माल पसंत केला असे आम्ही मानणार नाही. ती घेतल्याने उरलेल्या रकमेवरचा आमचा हक्क सुटत नाही. पेमेंट सूचनेवर ‘०४१७ अंशतः’ लिहावे. ‘फुल अँड फायनल’ असा शेरा नसावा.

कायद्याची बाजू एकदाच मांडतो. आमचा उद्योग लघु उद्योग म्हणून नोंदलेला आहे. उद्यम क्रमांक बिलावर आहे. एमएसएमईडी कायद्यानुसार माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली तर त्या मालाच्या स्वीकाराचा दिवस हरकत दूर होईपर्यंत पुढे जातो. आपली २४ सप्टेंबरची हरकत वेळेत होती, हे आम्ही मान्य करतो. पण ती दोनच बाबींवर होती. उरलेला माल १३ सप्टेंबरलाच स्वीकारला गेला, असा आमचा अर्थ आहे. त्या मालाच्या पैशाला उशीर झाला की कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याज लागते. बँक रेट आज ५.७५ टक्के आहे, म्हणजे १७.२५ टक्के, या रकमेवर महिन्याला सुमारे ८,३२९ रुपये. १७ नोव्हेंबरपर्यंत रक्कम आली तर या बिनहरकत भागावरचे व्याज आम्ही लावणार नाही.

आपल्या बाजूच्या आणखी दोन तारखा. बिलाच्या तारखेपासून १८० दिवस ११ मार्च २०२६ ला पूर्ण होतात. तोवर न दिलेल्या रकमेवरचे इनपुट क्रेडिट व्याजासह परत करावे लागते, पैसे दिल्यावर ते पुन्हा घेता येते. आणि मुदत उलटलेली रक्कम ३१ मार्चनंतरही थकीत राहिली, तर आयकराच्या कलम ४३बी(एच) प्रमाणे तिची वजावट यंदा मिळत नाही, ज्या वर्षी पैसे द्याल त्या वर्षी मिळते. ३१ मार्चपूर्वी दिली तर हा प्रश्न उद्भवत नाही. आपले ऑडिटर हे सांगतीलच.

आपल्या डिसेंबरच्या ऑर्डरचा माल थांबवण्याची भाषा आम्ही करत नाही. तार आणि प्लेटिंगचे पैसे मात्र आम्हाला रोखीने मोजावे लागतात, आणि हेच पाच लाख ऐंशी हजार त्यासाठी धरलेले आहेत.

रक्कम आरटीजीएसने, बिलावर छापलेल्या खात्यातच पाठवावी. खाते बदलल्याचा ईमेल आमच्या नावाने आला तर तो खरा मानू नये, आधी फोन करावा.

१३ तारखेच्या तपासणीची वेळ आणि पेमेंटची तारीख बुधवारी संध्याकाळपर्यंत कळवावी. संयुक्त तपासणीच्या टिपणावर दोघांच्या सह्या झाल्यापासून सात दिवसांत, जो भाग आमच्या बाजूने ठरेल त्याचे पैसे आपण द्यावेत आणि जो आपल्या बाजूने ठरेल त्याची क्रेडिट नोट आम्ही काढावी, एवढे ईमेलवर ‘मान्य’ असे लिहून पाठवले तरी चालेल.

आपला,
देशमुख
लेखा विभाग

सोबत: बिल आणि पॅकिंग स्लिप, लॉट दोनचा प्लेटिंग अहवाल, २९ ऑगस्टच्या ईमेलची प्रत, ओळवार हिशेबाचा तक्ता.