इरादापत्र : काजूगर पुरवठा व पॅकिंग

दि. ३ मार्च २०२५

प्रति, भागीदार, सुपडे पॅकिंग, पुणे

स.न.वि.वि.,

परवाच्या बैठकीत ठरल्याप्रमाणे आमचा प्रस्ताव कळवीत आहोत. एप्रिल ते जून प्रायोगिक तत्त्वावर दरमहा ५०० किलो डब्ल्यू-३२० काजूगर आम्ही १० किलोच्या सीलबंद डब्यांत पाठवू. आपण २५० ग्रॅमची पाकिटे नायट्रोजन भरून करावीत व पुण्यात विकावीत. पाकिटावर दोघांचेही एफएसएसएआय परवाना क्रमांक असावेत.

वाद होईल तो ओलाव्यावरून. गर ५ टक्क्यांच्या आत ओलाव्याचा निघेल, ही आमची जबाबदारी. पण जूनच्या दमट हवेत उघडा राहिलेला डबा रातोरात मऊ पडतो. म्हणून फोडलेला डबा त्याच दिवशी पॅक व्हावा. डबा फोडताच मीटरवरचा आकडा फोटोसह कळवावा, त्यानंतरची तक्रार धरली जाणार नाही. तुकडा ५ टक्क्यांवर गेल्यास फरक आम्ही सोसू.

दर व नफावाटणी अंतिम करारात ठरेल. हे पत्र बंधनकारक नाही. कोणीही लेखी कळवून माघार घेऊ शकतो, नुकसानभरपाई नाही. फक्त दर व ग्राहकयादीची गुप्तता दोघांवर बंधनकारक राहील. ३० जूनपर्यंत करार न झाल्यास पत्र रद्द समजावे.

मान्य असल्यास एका प्रतीवर सही-शिक्का करून पाठवावी.

आपले,
भागीदार, दर्याकाठ काजू प्रक्रिया, वेंगुर्ले