अक्षतास, पुरस्कार जाहीर झाल्यानंतर

पणजी, बुधवार

प्रिय अक्षता,

मनापासून अभिनंदन. ग्रामीण वार्तांकनाचा पुरस्कार तुझ्या खाजन मालिकेला मिळाला आणि तो योग्य ठिकाणी गेला. हेच वाक्य काल ऑफिसात तुला म्हटलं, पण तेव्हा मध्ये केक होता, चारजण मोबाईल धरून उभे होते आणि निम्म्या लोकांचं लक्ष तुझ्यापेक्षा माझ्या तोंडाकडे होतं. अशा वेळी खरं बोललं तरी ते पाठ केल्यासारखं ऐकू येतं. म्हणून लिहून पाठवतो आहे.

रात्री तुझा मेसेज आला, "दामबाब, तुम्हांला राग नाही ना?" तेव्हाच उत्तर दिलं असतं तर "छे गं, राग कसला" एवढंच लिहून मोकळा झालो असतो आणि तू त्यावर विश्वास ठेवला नसतास. तर नीट सांगतो. राग नाही. वाईट वाटलं. पुरस्कार मला हवा होता. खाणपट्ट्यावरची मालिका मी हौस म्हणून पाठवली नव्हती, जिंकायला पाठवली होती. यादीत तुझं नाव वाचलं तेव्हा पोटात जरा खड्डा पडला, बाहेर जाऊन चहा घेतला, पातळभाजी-पाव मागवला तो अर्धा तसाच राहिला. हे तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही, कारण तू समोरच्या टेबलावर बसतेस आणि माणसांकडे बघण्याचाच पगार घेतेस.

पण त्या वाईट वाटण्यात तू कुठे नाहीस. तुझ्याऐवजी दुसऱ्या कुठल्या दैनिकातल्या माणसाला मिळाला असता तरी इतकंच वाटलं असतं. खरं तर थोडं जास्तच.

माझी मालिका वाईट होती असंही मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर तुझाच विजय स्वस्त होईल. 2012 मध्ये खाणी थांबल्या, पुढे चालू झाल्या, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 लीझांचं नूतनीकरण रद्द केलं आणि सांगे-डिचोलीच्या घराघरांत हप्त्यावर घेतलेले ट्रक दारात उभे राहिले. त्या घरांचं मी जे लिहिलं त्यातला शब्दही मागे घ्यावा असं मला वाटत नाही. मी चांगलं काम केलं, तू जास्त चांगलं केलंस. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असायला हरकत नाही.

काल घरी जाऊन तुझे सगळे भाग पुन्हा वाचले, या वेळी स्पर्धक म्हणून. काय सरस होतं ते सांगतो, कारण नुसतं "मस्त झालंय" म्हणणारे तुला आठवडाभर भेटतील.

पहिली गोष्ट ती फळी. मांडूरच्या बाजूची ती मानस, बांधातलं ते पाण्याचं दार. खाजनावर आपल्याकडे किती जणांनी लिहिलंय! गोव्यात सुमारे 18 हजार हेक्टर खाजन जमीन, भरतीच्या रेषेखालची, बांध घालून नदीकडून सोडवलेली, पूर्वी कोमुनिदादी सांभाळायच्या, आता सांभाळायला कोणी नाही. हा परिच्छेद मीसुद्धा झोपेत लिहू शकतो. तू तो लिहिला नाहीस. तू ओहोटीपासून भरतीपर्यंत मानशीवर बसलीस. दार कसं चालतं ते आधी दाखवलंस: आतलं पाणी ओहोटीला दार ढकलून नदीत जातं, भरतीला नदीचं पाणी तेच दार बाहेरून दाबून लावतं, माणसाने हात लावायची गरजच नाही. आणि मग रात्री भरती चढली तरी दार लागत नाही, कारण फटीत कोणीतरी लाकडाची फळी अडकवून ठेवलेली. मासळी आत यावी म्हणून. त्या एका फळीवर तू अर्धा कॉलम खर्च केलास. तिथे मी पेपर खाली ठेवला आणि मनातल्या मनात म्हटलं, गेला आपला पुरस्कार.

दुसरी गोष्ट ती म्हातारी, जी मानशीमागच्या तळ्यात, पोंयच्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावते आणि एवढंच म्हणते, "खारें." तू तिला पुढे काही विचारलं नाहीस. मी विचारलं असतं, "तुम्हांला काय वाटतं, सरकारने काय करावं?" आणि तिने मला एक बिनकामाचं वाक्य दिलं असतं. तू गप्प राहिलीस, आणि पुढच्या ओळीत कोरगूट भात पेरायचं शेत तसंच पडून आहे एवढं सांगून भाग संपवलास. वीसेक वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाला ते गप्प राहणं हेवा वाटावं असं आहे. हेवा हा शब्द मी विचार करून वापरतोय.

एक भाग मात्र मला पटला नव्हता, आणि पुरस्कार मिळाला म्हणून आता पटला असंही नाही. चौथा. त्यात मानशीचा लिलाव घेणारा माणूस जरा जास्तच खलनायक झाला. बोली लाखांत जाते, ती वसूल करायची तर त्याला मासळी हवी, मासळी हवी तर दार उघडं हवं. पण बोली चढवते कोण? कुळांची संघटनाच ना? आणि लिलावाचे पैसे बांधावर किती खर्च झाले ते तपासण्याचं काम ज्या मामलेदार कचेरीचं, ती तुझ्या भागात दोन ओळींत सुटली. हे मी छापून आलं तेव्हाही तुला म्हटलं होतं. आज पुन्हा लिहितोय ते एवढ्याचसाठी की, वरची स्तुती मी डोळे मिटून केलेली नाही हे तुला कळावं.

आता ऑफिसातल्या वाऱ्याबद्दल. दोघातिघांनी मला बाजूला घेऊन सांत्वन केलं. एकजण म्हणाला, परीक्षकांना हल्ली पर्यावरण लागतं. दुसऱ्याचं म्हणणं, खाणीवरचं काही निवडणं कोणालाच सोयीचं नसतं. हे तुझ्या कानावर येणारच, पणजी केवढीशी! त्यात माझं नाव जोडून आलं तर तुला माहीत असावं म्हणून सांगतो: मी त्यांना तुझा पहिला भाग पुन्हा वाचा म्हटलं. एकाने तो मुळात वाचलाच नव्हता.

आणि तुला एक विनंती. काल केक कापताना तू तीनदा म्हणालीस, "नशीब हो, बाकी काही नाही." एकदा तर माझ्याकडे बघून म्हणालीस, "खरं तर दामबाबांनाच मिळायला हवा होता." तू ते प्रेमाने म्हणालीस, मला ठाऊक आहे. पण तसं म्हणू नकोस. मला ते सावरून घेतल्यासारखं वाटतं आणि तुझ्या त्या रात्रीच्या जागरणाचा अपमान होतो. माझ्यासमोर पुरस्कार लहान करून बोलायची गरज नाही. आई-बाबांना जसं ओरडून सांगितलं असशील तसंच माझ्यासमोरही बोल. मागच्या जिन्याने वर यायचीही गरज नाही. आज सकाळी तू आलीस ते मी पाहिलं.

मीही एक गोष्ट टाळणार आहे. वयाने मोठा म्हणून तुझ्या डोक्यावर हात ठेवून "अशीच मोठी हो" म्हणणं मला फार सोपं गेलं असतं. हरलेल्या ज्येष्ठाला वडीलकी ही चांगली पळवाट असते. पण प्रवेशिका भरताना आपण दोघं एकाच रांगेत होतो, वयाची सूट कोणी मागितली नव्हती. तेव्हा हे आशीर्वाद नव्हेत, बरोबरीच्या वार्ताहराने केलेलं अभिनंदन आहे. पुढच्या वर्षी मी पुन्हा प्रवेशिका पाठवणार आहे, आणि तूही पाठवशील हे गृहीत धरलंय. त्या वेळी मात्र दयामाया नको.

शनिवारी मिनेझिस ब्रागांझाच्या सभागृहात मी येतोय, कुसुमही येते आहे. तिला तुझी म्हातारी फार आवडली. आम्ही पुढच्या ओळींत बसणार नाही, तिथे भाषणं संपेपर्यंत हलता येत नाही. पण टाळ्या ऐकू येतील इतक्या जवळ नक्की असू. समारंभानंतर फोटोग्राफर दोघांना एकत्र उभं करायला बघेल. "स्पर्धक आणि विजेती" असला काही मथळा त्याच्या डोक्यात असणार. उभे राहू. त्या ओळीतून "स्पर्धक" मी स्वतः डेस्कवर काढून टाकीन.

आता एक कामाची गोष्ट. आज ना उद्या मी ती तुझ्याकडे काढणारच होतो. तुझ्या तिसऱ्या भागात बांध कशाने ढासळतात त्याच्या कारणांत बार्जांच्या लाटा एका वाक्यात येऊन गेल्या. मांडवीतून खनिज नेणाऱ्या बार्जा पावसाळ्यात आग्वादचं तोंड बंद झालं की कुंभारजुव्याच्या कालव्यातून मुरगावकडे वळतात, आणि त्या अरुंद पाण्यात दोन्ही काठांना बांधच आहेत. खाणी बंद होत्या तेव्हा त्या बांधांना थोडा विसावा मिळाला होता का? डिचोलीत 2024 मध्ये उत्खनन पुन्हा सुरू झाल्यावर काय झालं? माझ्याकडे बार्जवाल्यांची माणसं आहेत, जुन्या वाहतुकीचे कागद आहेत. तुझ्याकडे बांधावरची माणसं आहेत आणि गप्प बसण्याची कला आहे. मला एकट्याने हे केलं तर खाणवाल्यांची बाजू दिसेल, तू एकटीने केलंस तर शेतकऱ्यांची. दोघांच्या नावाने करूया का? तुझं नाव आधी, कारण मूळ वाक्य तुझं आहे. हे सांत्वन करून घेण्यासाठी सुचवत नाही; नको असेल तर सरळ नको म्हण, मी मग एकट्यानेच तुझ्याआधी छापायचा प्रयत्न करीन.

हो असेल तर पुढच्या आठवड्यात एक दिवस मोकळा ठेव. भरती-ओहोटीचं कोष्टक बघून वेळ तू ठरव, त्यातलं तुला जास्त कळतं. बार्जवरच्या तांडेलाला फोन मी करतो.

पुन्हा एकदा, खूप खूप अभिनंदन.

तुझा,
दामोदर

ता.क. केकचा तुकडा मी घेतला नाही म्हणून कोणी काही अर्थ लावला असेल तर तुला खरं कारण माहीत आहे. डॉक्टरनी साखर बंद केलीय. तुझ्या आईने शनिवारी खतखतें आणलं तर मात्र डब्यातलं निम्मं माझं.