चवथीच्या सकाळचे फोन

आत्येला, म्हापशाला. कमी ऐकू येतं, सावकाश बोलायचं:
"आत्ये, मी डिचोलीहून. भाऊंचा धाकटा. हो, धाकटाच! चवथीच्या शुभेच्छा गं. गणपती बसला का? माटोळीला यंदा काय काय बांधलंत? आमच्याकडे सुपारीचा घड मिळाला, कांगलां मात्र बाजारात महाग. तुझ्या हळदीच्या पानातल्या पातोळ्या आठवल्या. बाप्पा तुला सुखात ठेवो, गुडघे कमी दुखोत."
(पातोळ्यांवर ती बोलत सुटेल. तोडायचं नाही.)

मामांना, फोंड्याला:
"मामा, नमस्कार करतो. आरतीच्या आड आलो नाही ना? मग दोनच शब्द: बाप्पा तुम्हाला निरोगी ठेवो, आणि मामींच्या नेवऱ्या आम्ही येईपर्यंत उरोत. विसर्जनाला येतो."

काकींना, पेडण्याला. काका गेले, घरात सुतक:
"काकी, मी बोलतोय. शुभेच्छा द्यायला नाही, तुमचा आवाज ऐकायला फोन केला. जेवलात? रात्री सोबतीला कोण आहे? रविवारी येतो, औषधं संपत आली असतील तर आत्ताच सांगा."

शाळेतल्या बाईंना, फोन सुनेने घेतला तर:
"वहिनी, त्यांना उठवू नका. बाईंच्या जुन्या विद्यार्थ्याचा नमस्कार सांगा, संध्याकाळी पुन्हा करतो."