पहिले 30 दिवस: पेमेंट्स टीममधल्या नव्या बॅकएंड इंजिनिअरसाठी

टीममध्ये मनापासून स्वागत! आपण सहा जण तीन टाइमझोनमध्ये विखुरलेलो आहोत. सगळे एकदम ऑनलाइन असतो ते फक्त 13:00 ते 15:00 UTC.

पहिला आठवडा: व्हीपीएन आणि रिपॉझिटरीचा अ‍ॅक्सेस पहिल्याच दिवशी तपासा. मग `README.md` वाचत प्रोजेक्ट स्वतःच्या मशीनवर चालवा. जिथे अडाल, ती पायरी तिथेच दुरुस्त करा. तीच तुमची पहिली पुल रिक्वेस्ट. ज्या चुकांना आमची नजर सरावली आहे, त्या तुम्हालाच दिसतील. अर्ध्या तासाहून जास्त एकट्याने झुंजत बसू नका. प्रश्न खासगी मेसेजऐवजी टीमच्या चॅनेलवर विचारा, म्हणजे त्या वेळी जो कामावर असेल तो उत्तर देईल. बडीसोबत रोज वीस मिनिटांचा कॉल आहेच.

दुसरा आठवडा: बडीबरोबर पेअरिंग करत दोन छोटे बग.

दिवस 15 ते 30: रिफंड झाल्याचा ईमेल हे फीचर पूर्णपणे तुमचं, डिझाइन नोटपासून प्रॉडक्शनपर्यंत. रिव्ह्यूला एक दिवस लागू शकतो, म्हणून बदल लहान ठेवा. ऑन-कॉल या महिन्यात फक्त सोबत राहून पाहायचं, पाळी लावणार नाही.

आपण दोघे 8, 15 आणि 30 व्या दिवशी बोलू. काय खटकलं ते तेव्हा मोकळेपणाने सांगा. त्यावरून हा आराखडा मी बदलेन.