आभार प्रदर्शन

मंडळी, दोन मिनिटं बसा. मसालेभाताचा वास मलाही येतोय.

गणेशोत्सवाच्या आजच्या स्नेहसंमेलनाला आलेल्या सर्वांचे कार्यकारिणीच्या वतीने मनापासून आभार. नावं घेणार नाही. एक राहिलं तर वर्षभर लिफ्टमध्ये तोंड लपवावं लागतं. कामं सांगतो, माणसं तुम्हाला ठाऊक आहेत.

पहिले आभार स्वयंपाकाच्या चमूचे. दोनशे साठ पानांसाठी 20 किलो तांदूळ दोन पातेल्यांत लावला, कारण एकाच पातेल्यात तळ करपतो आणि वरचा थर फडफडीत राहतो. काल नैवेद्याचे 151 मोदक झाले. उकड गार झाली की पारी चिरते, म्हणून बी विंगच्या दोन काकू फक्त गरम उकड मळून देत होत्या आणि बाकीच्या वळत होत्या. एकही मोदक उकडताना फुटला नाही. खाताना किती उरले, ते मुलांना विचारा.

मांडवाची वायरिंग करणाऱ्या दादांनी वायर जमिनीवरून उचलून बांबूला बांधली आणि मांडवापुरता वेगळा ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवला. तिसऱ्या दिवशी पावसात फोकसमध्ये पाणी शिरलं, ईएलसीबी पडला, आरती अंधारात झाली आणि बरीच कुरकुर ऐकू आली. पण तो पडला म्हणूनच लोखंडी कमानीत करंट उतरला नाही. तेव्हा ती कुरकुर मागे घ्या आणि टाळ्या वाजवा!

पार्किंगमधल्या बारा गाड्या दहा दिवस रस्त्यावर लावणाऱ्या सभासदांचे आभार. नाचाची सगळी गाणी क्रमाने पेनड्राइव्हवर घेणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींचे खास आभार. फोनवरून गाणी लावली की ऐन कडव्यात कुणाचा तरी फोन वाजतो. दहाच्या आत स्पीकर बंद ठेवल्याबद्दल शेजारच्या इमारतीनेही आपल्याला धन्यवाद कळवले आहेत. वर्गणीदार आणि जाहिरातदारांचेही आभार.

आता ज्यांचे आभार मानायचे राहून जातात ते. आपले दोन्ही वॉचमन मूर्तीपाशी रात्रभर जागले, आणि सफाईच्या मावशींनी रोज निर्माल्यातून दोरे, प्लास्टिक आणि थर्माकोल वेगळे काढले. ते काम खरं तर आपलं होतं. आज त्यांची पानं पहिल्या पंगतीत आहेत. त्यांना वाढायला कार्यकारिणी उभी राहील.

हिशेब आठ दिवसांत नोटीस बोर्डावर लागेल. शंका असेल तर सेक्रेटरींकडे पावत्या पाहा, ग्रुपवर चर्चा नको.

उद्या संध्याकाळी पाच वाजता विसर्जन. मूर्ती शाडूची आहे, हौदातच करू. हार आणि दागिने आधी उतरवायचे. माती विरघळली की बागेत जाईल. मांडववाल्याच्या खुर्च्या मोजून परत द्यायच्या आहेत, तेव्हा घरी नेलेल्या आजच खाली आणा.

चला, पहिली पंगत मुलांची, आजी-आजोबांची आणि वॉचमन-मावशींची. गणपती बाप्पा मोरया!