विषय: आजीची गुणगुण – तुमच्या दुकानात भरून घेतलेल्या कॅसेटमधलं 'अ' बाजूचं शेवटचं गाणं

नमस्कार काका,

शनिवारी मेन रोडवर दुकानात येऊन, आजी गुणगुणते ते गाणं तुमच्या जुन्या कॅसेटमध्ये शोधून द्याल का, असं विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "चाल नीट लिहून पाठव, गर्दीत माझ्या डोक्यात राहायची नाही." म्हणून सविस्तर लिहितेय. सोबत २ मिनिटं ५० सेकंदांची ऑडिओ फाईल आहे. आजी बाजरीच्या भाकरी करताना २०१६ मध्ये मोबाईलवर घेतलेलं रेकॉर्डिंग आहे ते. कुकरची शिट्टी आणि काठवटीवरची थापथाप मोठी आहे, गुणगुण त्याखाली आहे. हेडफोन लावून ऐका. मोबाईलच्या स्पीकरवर फक्त भाकरी ऐकू येते.

आधी चाल. आजीचा सा खालच्या काळी पाचला आहे, पण त्या पट्टीवर जाऊ नका. तिने ऐकलेल्या टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल असेल तर सगळं गाणं खाली उतरलेलं असणार. वेग सहा टक्के कमी झाला की अख्खा अर्धा स्वर उतरतो. स्वरांमधलं अंतर तेवढं धरा.

ताल दादरा, सहा मात्रा. लय मिनिटाला साधारण १०८ मात्रा. उठाव समेवर नाही, चौथ्या मात्रेवर आहे. उभी रेघ म्हणजे सम:

सा रे म | प – – ध प म | रे – – सा रे म | प ध प म रे सा | सा – –

हा मुखडा. शेवटच्या सा नंतर लगेच पुन्हा 'सा रे म' उचलते. तिसऱ्या आवर्तनातले सहा स्वर सहा मात्रांवर एकेक पडतात, तिथे शब्द भरगच्च असणार. पहिल्या दोन आवर्तनांत मात्र प वर आणि रे वर सूर लांबवलेला आहे, त्यातल्या रे वर 'गं' किंवा 'रं' असं काहीतरी असावं.

अंतरा असा:

म प ध | सां – – सां रें सां | नी ध – प ध प | म – प ध प म | रे – –

यातला नी कोमल आहे आणि सगळ्या चालीत तो एवढ्या एकाच जागी येतो, वरून खाली येताना. बाकी सगळं दुर्गा म्हणावं असं आहे, पण त्या एका नीमुळे दुर्गा राहत नाही. चाळणी लावायला याहून सोपी खूण म्हणजे गंधार कुठेच नाही, शुद्धही नाही आणि कोमलही नाही. त्यामुळे भूप, पिलू, भैरवी या वळणाची गाणी पहिल्याच ओळीला बाजूला टाकता येतील. निम्मा ढीग तिथेच कमी होईल.

रेकॉर्डिंगमध्ये दुसऱ्या फेरीत आजी वरचा सां घेत नाही, सप्तक बदलून मधल्या सा वर येते. दम पुरत नाही म्हणून. ती फेरी ऐकून 'अंतरा खालीच आहे' असं समजू नका. पहिली फेरी खरी.

आता मुख्य मुद्दा. आजीने जे गुणगुणलंय ते जसंच्या तसं गाणं नाही. त्यात भाकरी मिसळली आहे. ती वजा केली तरच गाणं हाती लागतं.

मुखडा ती तीनदा म्हणते. १०८ च्या लयीत २४ मात्रांना सव्वातेरा सेकंद लागतात, तीनदा म्हटलं की चाळीस. भाकरी थापून हातावर उचलायला तिला तेवढाच वेळ लागतो. थाप पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर पडते आणि तिसरा मुखडा संपतो तेव्हा भाकरी तव्यावर पडल्याचा फट् आवाज येतो, ऐकून बघा. ज्वारीच्या भाकरीला ती दोनदाच म्हणायची, कारण ज्वारी लवकर थापून होते. बाजरीच्या पिठाला चिकटपणा कमी, कडा फुटतात, त्या सांधत थापावं लागतं. म्हणजे मूळ गाण्यात मुखडा तीनदा असेलच असं नाही. मला तर दोनदाच वाटतो, एकदा गायिकेचा आणि एकदा कोरसचा.

अंतऱ्याच्या शेवटचा रे ती सहा मात्रा जास्त धरते. त्या वेळी भाकरीच्या वरच्या अंगाला पाणी फिरवणं चाललेलं असतं. हात गोल फिरतोय तोवर सूर धरलेला, हात उचलला की 'सा रे म'. त्या सहा मात्रा मोजू नका.

मुखडा आणि अंतरा यांच्या मधे सहाच मात्रांचा एक तुकडा आहे, 'ध ध ध प प प', फार भरभर, प्रत्येक स्वर थरथरवून. हा भाकरीचा नाही. दोन्ही फेऱ्यांत आहे आणि हात काहीही करत असला तरी तिथेच येतो. मला तो बेंजोचा तुकडा वाटतो. तारेवर तसंच छेडतात. मॅन्डोलीन असती तर स्वर इतका कोरडा तुटला नसता, आणि पेटीवाला तिथे स्वर लांबवून धरतो.

दुसरी वजाबाकी कॅसेटची आहे, आणि तीच तुमच्या कामाची.

दुसऱ्या अंतऱ्यात आजी 'सां – – सां रें सां | नी ध' इथपर्यंत येते आणि थांबते. दोन-तीन मात्रा गप्प, मग थेट मुखड्यापासून सुरुवात. रेकॉर्डिंगमध्ये हे दोनदा झालंय, १ मिनिट १६ सेकंदांना आणि २ मिनिटं ३३ सेकंदांना. पहिल्या वेळी ती भाकरी उलटते आहे, म्हणून वाटेल कामामुळे थांबली. दुसऱ्या वेळी मात्र पीठ मळण्याचा आवाज अखंड चालू आहे आणि सूर तेवढा तुटतो, नेमका त्याच ध वर. माझ्या मते तिथे टेप संपली. बाजू भरताना टेप पुरली नाही, गाणं अर्ध्यात कापलं गेलं आणि आजीला पुढचं गाणं माहीतच नव्हतं.

घरात त्या कॅसेटची रिकामी डबी तेवढी उरली आहे. आतल्या पुठ्ठ्यावर ६० छापलंय, तुमच्या दुकानाचा शिक्का आहे, पेनाने '१८' लिहिलंय आणि 'अ' बाजूखाली आठ ओळींवर नुसते आकडे आहेत, १ ते ८. गाण्यांची नावं नाहीत. म्हणजे ही कंपनीची छापील कॅसेट नव्हे, तुमच्याकडे यादी देऊन भरून घेतलेली. साठची कॅसेट म्हणजे बाजूला तीस मिनिटं, टेप मिनिटभर जास्त असते तेवढीच. आठ गाणी त्यात बसवायची तर आठवं कापलं जाणारच. आठवं गाणं हेच.

त्यामुळे छापील कॅसेटचे गठ्ठे उपसण्याआधी दोन गोष्टी बघाल का?

भरून देण्याच्या ऑर्डरींची वही ठेवत असाल, तर १९८४ ते १९९० या काळात सटाण्याच्या पत्त्यावरची साठच्या कॅसेटची ऑर्डर. आजी सटाण्याहून वणीला गडावर जायची, तिथून नाशिकला आली की खरेदी करायची. म्हणजे चैत्र आणि नवरात्र, या दोन वेळांच्या आसपासची पानं आधी.

आणि भरण्यासाठी तुम्ही ज्या मूळ कॅसेट वापरायचात त्यातल्या लोकगीतांच्या. माझा क्रम असा आहे: सर्वात आधी अहिराणी, त्यातही कानबाईची आणि लग्नाची गाणी. मग देवीची. मग जात्यावरच्या ओव्यांच्या चाली वाद्यांवर बसवलेल्या. भोंडल्याची शेवटी, कारण ती बहुतेक तीन-चार स्वरांत फिरतात, तार सप्तकातल्या रे पर्यंत जात नाहीत. सिनेमाची गाणी बघूच नका. आजीला सिनेमाच्या गाण्याचे शब्द पक्के पाठ असायचे, रेडिओवर रोज लागायची ना. या चालीचे शब्द तिला नीट येत नव्हते. ओठ मिटून म्हणते, मधे दोनच शब्द निसटतात, 'साळू' आणि 'डोंगर'. साळू मुखड्याच्या पहिल्या लांब प वर, डोंगर अंतऱ्याच्या 'म प ध' वर. साळू शेकडो ओव्यांत आहे, त्यावरून शोधण्यात अर्थ नाही. डोंगर जास्त उपयोगी.

वाजवण्याबद्दल तुम्हाला मी काय सांगणार, पण दुकानातला मुलगा वाजवणार असेल तर एवढं त्याला सांगा. तीस-पस्तीस वर्षं बंद असलेली कॅसेट सरळ प्लेला लावायची नाही. आधी खिडकीतून बघायचं, टेपच्या कडेला पांढरी बुरशी असेल तर ती बाजूला ठेवायची, नाहीतर हेडवरून पुढच्या सगळ्या कॅसेटना लागते. मधली फेल्टची गादी गोंद सुकून पडलेली असते, ती नसेल तर आवाज कापसातून आल्यासारखा येतो आणि माणूस टेपलाच दोष देतो. मग पेन्सिल घालून हाताने दोन-चार वेढे फिरवून बघायचे, जड लागलं तर मशीनच्या रिवाइंडला द्यायचीच नाही, सुरुवातीच्या पारदर्शक पट्टीचा जोड तिथे सुटतो. हलकी फिरली तर एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे, मग प्ले. दर पाच-सहा कॅसेटनंतर हेड आणि रबरी रोलर पुसायचा.

सगळं गाणं ऐकायची गरज नाही. प्रत्येक गाण्याच्या मुखड्याच्या दोन ओळी ऐकल्या की गंधार आहे की नाही ते कळतं. तुमचा कान तयार आहे, तुम्हाला दहा सेकंद पुरतील.

जुळतंसं वाटलं तर फोन लावून ऐकवू नका. कॉलमध्ये वाद्यांचा आवाज गोंगाट समजून कापला जातो, फक्त तुटक सूर ऐकू येतात. व्हॉइस मेसेज पाठवा, मोबाईल स्पीकरपासून हातभर लांब धरून, पंखा बंद करून. जागा सांगताना काउंटरचा आकडा नको, प्रत्येक डेकचा वेगळा पडतो. बाजू आणि सुरुवातीपासूनची मिनिटं सांगा.

कॅसेट विकायची नसेल तर नको. दुकानातच बसून गाणं उतरवून घेईन, माझा डेक आणि वायर घेऊन येईन. मुलाच्या वेळेचे आणि कॅसेट काढण्या-ठेवण्याचे पैसे घ्यायचे, यात संकोच नको. वीस कॅसेट झाल्या की मला कळवा, काही न सापडताही. तेवढ्यात काय काय बाद झालं ते बघून यादीचा क्रम बदलू.

एक राहिलं. तुम्ही स्वतः चाल पेटीवर वाजवून बघणार असाल तर काळी एक सा धरा. अंतरा आरामात बसतो, आणि तो कोमल नी पांढऱ्या सातवर येतो.

येत्या शनिवारी अकराच्या सुमारास दुकानावर येते. डबी सोबत आणते, शिक्क्याखालचं अक्षर तुमचं आहे का तेवढं बघून सांगा.

आपली,
मृणाल
कॉलेज रोड, नाशिक